पिशवीच्या ऑपरेशनचा संमतीपत्राचा कागद: सही करण्यापूर्वी काय वाचायचे, काय विचारायचे?

"पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट संपेल." पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे घेऊन दवाखान्यात गेलेल्या आपल्या वस्त्यांमधल्या, तांड्यांवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी महिलांनी हे वाक्य ऐकले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यानंतर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले.

अशी नियोजित शस्त्रक्रिया होण्यापूर्वी एका कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्या कागदाला संमतीपत्र म्हणतात. बहुतेक वेळा तो ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी, सलाइन लावलेल्या हातात दिला जातो. तो इंग्रजीत असतो, आणि "इथे, इथे आणि इथे सही करा" एवढेच सांगितले जाते. म्हणून या लेखात आम्ही गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा कागद समोर ठेवून तो कसा वाचायचा हे सांगत आहोत. ऑपरेशन दुसरे असले तरी वाचण्याची पद्धत हीच राहते.

सगळ्यात आधी ऑपरेशनचे नाव वाचा

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंचे वय ३९ आहे. तीन मुले झाली आहेत. सहा महिन्यांपासून पाळी आठ-दहा दिवस चालते आणि रक्त जास्त जाते. हिमोग्लोबिन ८ आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटीमीटरची एक गाठ दिसली आहे आणि दोन्ही अंडाशय चांगले असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांनी सांगितले, "पिशवी काढावी लागेल." ताई आणि घरचे तयार झाले.

आता कागदावर ऑपरेशनच्या नावासमोर इंग्रजी अक्षरांत 'टीएएच' लिहिले आहे. त्याचा अर्थ पोटावर छेद देऊन संपूर्ण गर्भाशय काढणे. पण पुष्कळदा त्याच्यापुढे अधिकचे चिन्ह करून 'बीएसओ' अशी आणखी तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ दोन्ही अंडाशय आणि दोन्ही बीजवाहिन्याही काढणे. ताईंना तोंडी फक्त "पिशवी" सांगितले होते. कागदावर मात्र पिशवी आणि अंडाशय असे दोन्ही आहे.

हा फरक लहान नाही. गर्भाशय काढल्यावर पाळी बंद होते आणि मूल होण्याची शक्यता संपते. अंडाशय जागेवर असतील तर शरीराला लागणारे हार्मोन तयार होत राहतात. अंडाशयही काढले तर ३९ व्या वर्षी एका दिवसात रजोनिवृत्ती येते. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे, चिडचिड हे लगेच सुरू होऊ शकते. पुढे हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून इतक्या कमी वयात अंडाशय काढावेच लागले, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांशी ठरवावे लागते. ऑपरेशननंतर कंबर आणि सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या महिला आपण पाहतो. आपले अंडाशय काढले की ठेवले, हे त्यांतील अनेकींना माहीत नसते.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: "डॉक्टर, नेमके काय काढणार आणि काय ठेवणार? अंडाशय काढणार असाल तर का? सोनोग्राफीत तर ते चांगले दिसतात." काही वेळा कारण खरे असते. अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल, किंवा घराण्यात स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर डॉक्टर तसा सल्ला देतात. पण मग ते कारण तुमच्यासमोर उच्चारले गेले पाहिजे.

धोके: "काही होत नाही" हे उत्तर पुरेसे नाही

कागदाच्या मधल्या भागात धोक्यांची यादी असते. ती लांब आणि घाबरवणारी असते, म्हणून कोणी वाचत नाही. त्यात दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकले पाहिजे: कोणता धोका किती वेळा येतो, आणि आला तर काय करतात.

पोटावर छेद देऊन गर्भाशय काढताना, कर्करोग नसलेल्या रुग्णांमध्ये, साधारण १०० पैकी ४ महिलांना एखादी गंभीर गुंतागुंत होते, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांचे रॉयल कॉलेज आपल्या डॉक्टरांना रुग्णाला सांगायला सांगते. रक्त द्यावे लागेल इतका रक्तस्राव १००० पैकी २३ जणींना होतो. लघवीची पिशवी किंवा किडनीकडून येणारी मूत्रनलिका यांना इजा १००० पैकी ७ जणींना होते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी १००० पैकी ४ जणींना होते. हे आकडे तिथल्या रुग्णालयांचे आहेत. आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात ते असेच असतील असे नाही. पण धोक्याची जात आणि प्रमाणाचा अंदाज त्यातून येतो.

आता हेच धोके आपल्या उदाहरणातील ताईंना लावून पाहा. हिमोग्लोबिन ८ असताना रक्तस्राव झाला, तर अंगात शिल्लक रक्तच कमी आहे. म्हणजे त्यांच्यासाठी रक्ताचा प्रश्न इतरांपेक्षा मोठा. तेव्हा विचारायचे: "ऑपरेशन आधी रक्त वाढवून घेता येईल का? रक्ताची पिशवी तयार ठेवली आहे का?" तातडी नसेल तर लोहाच्या गोळ्या किंवा लोहाची सलाइन देऊन काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढवता येते, आणि मग ऑपरेशन जास्त सुरक्षित होते. आधी कधी सिझर झाले असेल तर गर्भाशय आणि लघवीची पिशवी एकमेकांना चिकटलेली असू शकतात, आणि इजेचा धोका वाढतो. म्हणून आधीची सगळी ऑपरेशन, साखर, रक्तदाब, दमा, चालू गोळ्या आणि औषधांची अॅलर्जी हे न विचारताही सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे वेगळे सांगावे लागते, कारण भुलेचा धोका स्वतंत्र असतो आणि बहुतेक ठिकाणी तिचे संमतीपत्रही वेगळे असते.

एक धोका कुठल्याही छापील यादीत नसतो. पोटावरच्या छेदानंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नाही, असे सांगितले जाते. ज्या ताईंना महिनाभरात मोळी डोक्यावर घ्यायची आहे किंवा बांधकामावर पाट्या वाहायच्या आहेत, त्यांनी ही गोष्ट सही करण्यापूर्वी विचारायची आहे. मुकादमाची उचल घेतली असेल तर ऑपरेशनची तारीख ठरवताना कामाचाही विचार करावा लागतो. हे विचारणे आगाऊपणाचे नाही. डॉक्टरांना तुमचे काम माहीत नसेल, तर ते त्यानुसार सल्ला देऊ शकत नाहीत.

पर्याय: कागदावरची सर्वांत रिकामी जागा

बऱ्याच संमतीपत्रांत "मला इतर पर्याय समजावून सांगितले आहेत" अशी एक छापील ओळ असते. कोणते पर्याय, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. त्या ओळीखाली सही करताना आपण न झालेल्या संभाषणाची पावती देत असतो.

आपल्या ताईंसाठी पर्याय कोणते? आधी रक्तस्राव का होतो हे पाहायचे. तीन सेंटीमीटरची गाठ कुठे आहे, यावर बरेच अवलंबून असते. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीकडे आलेली लहान गाठसुद्धा खूप रक्तस्राव करते, तर बाहेरच्या बाजूची तेवढीच गाठ काहीच त्रास देत नाही. थायरॉइडची तपासणी झाली आहे का? डॉक्टरांना गरज वाटल्यास गर्भाशयाच्या आतल्या थराचा तुकडा तपासायला पाठवला आहे का?

त्यानंतर उपचार. पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. कॉपर-टीसारखेच गर्भाशयात बसवायचे, पण हार्मोन सोडणारे साधन आहे. ते साधारण पाच वर्षे काम करते आणि अनेकींचा रक्तस्राव त्याने खूप कमी होतो. गाठ पोकळीकडे असेल तर ती दुर्बिणीतून काढता येते आणि गर्भाशय राहते. प्रत्येक पर्याय प्रत्येकीला चालतो असे नाही. रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्यांना काही गोळ्या देत नाहीत, आणि पोकळी वेडीवाकडी असेल तर ते साधन नीट बसत नाही. पण "तुम्हाला हे का चालणार नाही" याचे उत्तर मिळणे, हाच पर्याय समजावून सांगण्याचा अर्थ आहे.

गर्भाशय काढायचेच असेल तरी मार्ग वेगवेगळे आहेत. पोटावर छेद देऊन, योनीमार्गातून किंवा दुर्बिणीतून. शेवटच्या दोन मार्गांत बहुधा रुग्णालयातून लवकर सुटका होते. हे या दवाखान्यात होत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते का, हे विचारता येते.

आणि एक पर्याय कायम असतो: आत्ता काही न करणे. त्याचे परिणामही डॉक्टरांनी सांगायचे असतात. रक्त असेच जात राहिले तर अशक्तपणा वाढेल, हा खरा परिणाम आहे. "काढली नाही तर कॅन्सर होईल" हे मात्र तपासणीशिवाय म्हणण्याचे वाक्य नाही. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गामुळे असते आणि औषधाने बरे होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल तर त्यासाठी पॅप स्मिअर आणि गरजेनुसार तुकड्याची तपासणी असते. म्हणून शांतपणे विचारा: "कॅन्सरची शंका कोणत्या रिपोर्टवरून आली? तो रिपोर्ट मला दाखवा."

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की गर्भाशय काढणे नेहमीच चुकीचे. कर्करोग सिद्ध झाला असेल, गाठी फार मोठ्या असतील, अंग बाहेर येत असेल किंवा औषधांचा नीट प्रयत्न करूनही रक्त थांबत नसेल, तर हे ऑपरेशन आयुष्य सुधारते. तेव्हा ते टाळणे हेच नुकसानीचे ठरते.

एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला चालत नाही

संमतीबाबत आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या नावाने तो ओळखला जातो. १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित महिला जास्त रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेली होती. तिने दुर्बिणीतून तपासणी व उपचार आणि गरज पडल्यास पोट उघडणे, याला संमती दिली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्यात आल्या.

न्यायालयाने सांगितले की ही संमती नव्हे. रुग्ण सज्ञान होती, फक्त तात्पुरती बेशुद्ध होती, आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही आणि एका शस्त्रक्रियेची दुसरीसाठी चालत नाही. अपवाद एकच: जीव वाचवण्यासाठी किंवा प्रकृती जपण्यासाठी थांबणे शक्यच नसेल तेव्हा. डॉक्टरांनी काय सांगायचे तेही निकालात आहे: उपचाराचे स्वरूप आणि हेतू, फायदे, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. अगदी क्वचित घडणारा प्रत्येक धोका मोजून सांगण्याची सक्ती मात्र न्यायालयाने केली नाही, हेही लक्षात ठेवावे.

या निकालाचा उपयोग तुमच्या कागदावर असा होतो. "ऑपरेशन करताना आवश्यक वाटेल ती इतर शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे" अशी मोघम ओळ असेल, तर तिचा अर्थ विचारा. हवे असल्यास तिच्यापुढे स्वतःच्या हाताने लिहा: "जिवाला धोका असेल तरच. अंडाशय काढण्यास माझी संमती नाही." त्याखाली सही आणि तारीख टाका. डॉक्टरांना ते मान्य नसेल तर चर्चा ऑपरेशनच्या आधी होईल, आणि ती आधी होणेच दोघांच्या हिताचे आहे.

सही कोणाची?

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची सही तिची स्वतःचीच. आपल्याकडे मात्र कागद आधी नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे जातो. इथे एक बारकावा आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत, ज्या ऑपरेशनमुळे वंध्यत्व येऊ शकते त्यासाठी पती-पत्नी दोघांची संमती मागितली आहे. म्हणून गर्भाशयाच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही मागितली तर त्यात गैर काही नाही. पण ती सही जोडीला असते, बदली नसते. नवऱ्याने सही केली आणि बाईला विचारलेच नाही, तर ती संमती नाही.

वाचता येत नसेल तर अंगठ्याआधी कागद मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायला सांगा. कागदावर रिकाम्या जागा असतील तर त्या भरल्याशिवाय सही करू नका. "काही झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत" अशी ओळ असली, तरी निष्काळजीपणाबद्दल तक्रार करण्याचा तुमचा हक्क त्या ओळीने जात नाही. संमती म्हणजे सांगितलेला धोका समजून घेणे. हलगर्जीपणाला दिलेली ती माफी नव्हे.

सहीआधी आणि सहीनंतरचे हक्क

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत माहिती मिळणे, माहितीपूर्ण संमती आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हे हक्क स्पष्ट लिहिले आहेत. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा झाली आणि खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावावी असे ठरले. ती भिंतीवर आहे का ते पाहा. ऑपरेशन तातडीचे नसेल तर "मी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते, दोन दिवसांनी सांगते" असे म्हणता येते. सही केल्यावरही, भूल देण्यापूर्वी मन बदलले तर नाही म्हणता येते. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या, असे त्याच २००२ च्या नियमांत आहे. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

ऑपरेशननंतर दोन कागद आठवणीने घ्या. एक डिस्चार्ज कार्ड, ज्यात काय काढले आणि काय ठेवले हे लिहिलेले असते. दुसरा, काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल. काढलेला अवयव तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचा असतो, आणि त्याच अहवालातून आजार नेमका काय होता हे कळते. तो अहवाल आलाच नाही, तर विचारा. संमतीपत्रातले नाव आणि डिस्चार्ज कार्डावरचे नाव जुळते का, तेही पाहा. एकीकडे फक्त 'टीएएच' आणि दुसरीकडे 'बीएसओ'सुद्धा असेल, तर त्याचे लेखी उत्तर मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

विहारात महिला मंडळाची बैठक असते, बचत गटाची असते. पुढच्या बैठकीत कोणाच्या तरी घरातले असे एक जुने संमतीपत्र, तिची परवानगी घेऊन आणि नाव झाकून, सगळ्यांनी मिळून एकदा मोठ्याने वाचावे. कोणत्या ओळीखाली काय विचारायचे हे तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवावे. मग पुढच्या ताईच्या हातात सलाइन असताना तो कागद आला, तर सोबत बसणाऱ्या बाईला निदान ती तीन अक्षरे ओळखता येतील.